आईच्या उसळीला दोन चमचे तेल

ती. आईस, सा. न.

परवा तुझ्याकडून निघताना मी फोडणीची पळी पाण्याने भरून चहाच्या चमच्याने मोजली. नऊ चमचे भरले! एवढ्या तेलाचे उष्मांक पावणेचारशेच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन भाकऱ्यांइतके. आणि तुम्ही जेवणारी माणसं दोनच. मटकी मात्र अर्धी वाटी, वर बटाटा घालून वाढवलेली.

म्हणून आधी मटकी वाढव. कोरडी एक वाटी, साधारण शंभर ग्रॅम भिजव. मोड आले की ती दुप्पट-तिप्पट दिसते, पण ते फुगणं पाण्याचं. मोडांमुळे ती पचायला हलकी होते, प्रथिनं काही वाढत नाहीत. त्यामुळे माप नेहमी कोरड्या मटकीचंच धर. अर्ध्या वाटीत माणशी पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळायची, आता दहा-अकरा मिळतील. बटाट्याला सुट्टी दे. बाबांना एकदम एवढी सोसली नाही, पोट फुगलं, तर आठवडाभर पाऊण वाटीच कर.

आता तेल. एकच चमचा घे, पण मोठ्या कढईत नको. तिथे तो पसरतो आणि मोहरी तडतडायच्या आत जळतो. लहान, जाड बुडाचं पातेलं घे आणि जरा कलतं धर, म्हणजे मोहरी-हिंगाला बुडण्यापुरतं तेल एका जागी साठतं. फोडणीत तेल लागतंच, कारण हिंग-मोहरीचा वास त्यातच उतरतो. अगदी बिनतेलाची उसळ मी करून पाहिली आहे. आजाऱ्याचं जेवण वाटतं.

कांदा घातल्यावर चिमूटभर मीठ टाकून झाकण ठेव. मिठाने त्याला पाणी सुटतं. तरी बुडाला लागलाच तर तेल नको, पाण्याचा हबका मार. वाटणाचा कांदा थेट गॅसवर भाज आणि खोबरं कोरडंच, त्याचं स्वतःचं तेल असतं. मसाला घालण्याआधी पुन्हा थोडं पाणी घाल, नाहीतर एवढ्या कमी तेलात तो करपून कडू होतो.

तू म्हणशील, तेल सुटल्याशिवाय मसाला शिजला कसा समजायचा? इथे ते सुटणारच नाही, वाट बघत बसू नकोस. नाकाने ओळख. कच्च्या लसणाचा उग्र वास गेला आणि वाटण गोळा होऊन पातेल्याची कड सोडू लागलं की झालं.

राहिला बाबांचा लाल कट. लाल रंग तिखटाचा असतो, तेल तो नुसता वर आणून दाखवतं. म्हणून दुसरा चमचा शेवटासाठी राखून ठेव. कढल्यात तापव, गॅस बंद कर, जरा निवल्यावर रंगाचं तिखट घाल (कडक तेलात काळं पडेल) आणि ताटात वाढायच्या आधी उसळीवर ओत. ढवळू मात्र नकोस, आणि बाबांची वाटी वरचीच भर.

तुझी,
धाकटी