खातं गोठवलंय की पुसलंय?

पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजातली एखादी विद्यार्थिनी आजारपणामुळे वर्षभर घरी राहते आणि तिसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश घेते. फी भरली, हजेरीपटावर नाव आलं, पण कॉलेजचा ईमेल काही उघडत नाही. गुगल क्लासरूम त्याच खात्यावर चालतं, म्हणजे असाइनमेंटही अडकल्या. मग ती कॉलेजच्या आयटी विभागाला दोन ओळी लिहिते: ‘सर, माझा मेल बंद आहे, कृपया चालू करा.’ आणि आठवडाभर उत्तराची वाट बघत बसते.

उत्तर न येण्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं. पत्र वाचणाऱ्या माणसाला त्यातून काहीच ठरवता येत नाही. ‘बंद’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या अवस्था लपलेल्या असतात.

बरीच कॉलेजं गुगल वर्कस्पेस वापरतात. तिथे प्रशासक खातं निलंबित करू शकतो किंवा सरळ डिलीट करू शकतो. निलंबन म्हणजे खोलीला कुलूप लावणं. आतल्या जुन्या मेल आणि फायली जागच्या जागी राहतात, फक्त मालकाला आत जाता येत नाही आणि नवी टपाल घेतली जात नाही. डिलीट केलेल्या खात्याचं तसं नसतं. ते परत आणण्यासाठी प्रशासकाच्या हातात 20 दिवस असतात. ते उलटले की आतला ऐवज गेला. पूर्वी कॉलेजं जुनी खाती वर्षानुवर्षं ठेवून देत, कारण जागेला मर्यादा नव्हती. 2021 मध्ये गुगलने शिक्षणसंस्थांसाठी 100 टेराबाइटची सामाईक मर्यादा जाहीर केली, आणि निलंबित खात्यातल्या फायलीही त्याच जागेत मोजल्या जातात. साहजिकच साफसफाईला जोर आला.

आपलं खातं कोणत्या अवस्थेत आहे, हे विद्यार्थिनीला घरबसल्या बऱ्यापैकी कळू शकतं. स्वतःच्या खासगी जीमेलवरून जुन्या पत्त्यावर एक कोरी मेल पाठवायची. परत आलेल्या मेलमध्ये `550 5.2.1` आणि ‘disabled’ हा शब्द असेल, तर खातं गोठवलेलं आहे. `550 5.1.1` आणि ‘does not exist’ असेल, तर ते पुसलं गेलंय, किंवा पत्ता लिहिताना अक्षर चुकलंय. आधी अक्षर तपासावं! लॉगिन करताना `Couldn't find your Google Account` दिसलं तरी शंका त्याच दोन गोष्टींची घ्यायची.

आता हे सगळं हाताशी घेऊन लिहिलेलं पत्र असं दिसेल:

‘मा. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर यांस,
विषय: खंडानंतर पुनर्प्रवेश, ईमेल खाते पुन्हा सुरू करणेबाबत.
मी तृतीय वर्ष संगणक शाखेत शिकते. जुलै 2023 ते जून 2024 हा माझा शिक्षणातील खंड कॉलेजने मंजूर केला होता. पुनर्प्रवेश 8 जुलै 2024 रोजी झाला. माझा पीआरएन आणि जुना ईमेल पत्ता खाली दिला आहे. त्या पत्त्यावर पाठवलेली मेल 550 5.2.1 या संदेशासह परत येते. माझा मोबाइल क्रमांकही बदलला आहे. सोबत खंडमंजुरीचे पत्र, फीची पावती आणि परत आलेल्या मेलचा स्क्रीनशॉट जोडला आहे. ओळखपत्र घेऊन मी स्वतः येऊ शकते.’

आजाराचं नाव इथे नाही, आणि ते मुद्दामच. आयटीवाल्यांना मंजुरी हवी असते, केसपेपर नको. जुना पासवर्डही कोणी मागितला तरी लिहायचा नाही, प्रशासकाला त्याची गरजच नसते. मोबाइल बदलल्याची ओळ मात्र सोन्यासारखी. दोन टप्प्यांची पडताळणी जुन्या नंबरवर असली, तर खातं उघडूनही कोड भलत्याच फोनवर जातो. हे आधीच कळलं, तर प्रशासक बॅकअप कोड देऊन वाट मोकळी करतो.

खासगी जीमेलवरून आलेल्या अशा विनंतीवर आयटी विभाग पटकन विश्वास ठेवत नाही, ते बरोबरच आहे. दुसऱ्याच्या नावानं खातं उघडून घेणं त्यानं फार सोपं होईल. म्हणून पत्र विभागप्रमुखांच्या सहीने किंवा प्रत्यक्ष नेऊन दिलेलं बरं. शिवाय विद्यार्थी विभागाने ईआरपीमध्ये ‘खंड’ ही नोंद बदललेली नसेल, तर काही कॉलेजांत यादीशी जुळणी होताना सुरू केलेलं खातं पुन्हा बंद पडतं. दोष मेलचा वाटतो, असतो नोंदीचा. त्यामुळे आधी त्या खिडकीवर विचारून यावं.

निलंबित खातं सुरू झालं, की जुन्या मेल दिसतात, पण खंडाच्या काळात आलेल्या दिसत नाहीत. त्या कुठे साठलेल्या नसतात, पाठवणाऱ्याकडेच परत गेलेल्या असतात. इनबॉक्स पूर्ण रिकामा निघाला, तर ओळखायचं की जुनं खातं परत आलेलं नाही, त्याच पत्त्यावर नवं काढून दिलंय. अशा वेळी गटातल्या मैत्रिणींना प्रोजेक्टची फाइल पुन्हा शेअर करायला सांगावं लागतं आणि क्लासरूमचा कोडही नव्याने टाकावा लागतो.