तीन हजारांतले दोनशे

आमच्या कॉलेजात किती विद्यार्थी लायब्ररी नियमित वापरतात, हे दोनशे जणांना विचारून ठरवायचं होतं. लायब्ररीच्याच दारात उभं राहिलं तर उत्तर फुगणार, हे उघड होतं. सरसकट चिठ्ठ्या काढल्या तर लहान शाखेतली नावं तिच्या प्रमाणापेक्षा बरीच कमी किंवा जास्त निघण्याची शक्यता. म्हणून स्तरित नमुना घेतला : प्रत्येक शाखा हा एक स्तर, आणि तिच्या पटाच्या प्रमाणात तिचा वाटा.

ऑफिसातून शाखावार यादी घेतली. प्रवेश रद्द केलेल्यांची नावं काढल्यावर पट असा उरला : कला 862, वाणिज्य 1147, विज्ञान 636, बीबीए 215, बीसीए 140, एकूण 3000. त्यातले 200, म्हणजे दर पंधरा जणांत एक. प्रत्येक पटाला 15 ने भागलं की 57.47, 76.47, 42.40, 14.33 आणि 9.33 येतात.

विद्यार्थ्याचे तुकडे करता येत नाहीत. नेहमीसारखं जवळच्या पूर्णांकात घेतलं तर बेरीज 198 भरते. अशा वेळी आधी पूर्णांक वाटायचे आणि उरलेल्या दोन जागा सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्यांना द्यायच्या. त्या कला आणि वाणिज्यकडे गेल्या : 58, 77, 42, 14, 9. आता बरोबर 200.

वाटा ठरला, तरी नावं आपण निवडायची नाहीत. प्रत्येक शाखेची यादी 1 पासून क्रमांकित करून यादृच्छिक संख्यांनी नावं काढली. ज्याचं नाव निघालं त्यालाच गाठायचं. तो दिसला नाही म्हणून कट्ट्यावरच्या मित्राकडून फॉर्म भरून घेणं म्हणजे निवड पुन्हा आपल्या सोयीवर सोडणं.

खरी कसोटी वाणिज्यची होती. तिथले वर्ग सकाळी भरतात आणि सुटल्यावर बरेच जण थेट कामावर जातात. 77 पैकी 44 फॉर्मच परत आले, बाकी शाखांचे सगळे आले. आता साधी टक्केवारी चालणार नव्हती. वाणिज्यचा एक फॉर्म साधारण 26 जणांच्या वतीने बोलत होता, इतरांचा 15 जणांच्या. म्हणून प्रत्येक शाखेची टक्केवारी वेगळी काढायची, तिला त्या शाखेच्या पटाने गुणायचं आणि बेरजेला 3000 ने भागायचं.

त्याने वाणिज्यचा वाटा पूर्ववत होतो, पण न सापडलेल्या 33 जणांचं मत कळत नाही. कामावर धावणारी मुलंच लायब्ररीत कमी येत असतील, तर 44 जणांचं उत्तर त्यांना लावणं चुकीचं ठरेल. त्यासाठी सकाळच्या वर्गात पुन्हा जावंच लागतं.

बीसीएच्या नऊ जणांचंही तसंच. संपूर्ण कॉलेजच्या आकड्यात त्यांचा वाटा योग्य आहे. पण त्यांच्यातला एक जण इकडचा तिकडे झाला की शाखेची टक्केवारी अकराने हलते. बीसीएबद्दल वेगळं काही म्हणायचं असेल, तर तिथून जास्त नावं काढावी लागतील आणि एकूण हिशेबात त्यांचं वजन तितकंच कमी धरावं लागेल.