ऑर्डर आली, पण कुठल्या व्हिडिओवरून?

देवगडच्या एका हापूस बागायतदाराचं उदाहरण घेऊ. दलालाकडे माल न पाठवता थेट घरोघरी पेट्या पोचवायच्या, म्हणून त्यांनी तीन व्हिडिओ केले. पहिल्यात मोहोरलेली बाग दाखवली, दुसऱ्यात गवताच्या अढीत आंबा कसा पिकतो ते, आणि तिसऱ्यात बाजारात देवगडच्या नावानं विकला जाणारा दुसरा आंबा कसा ओळखायचा ते. तिन्हींच्या शेवटी एकच फोन नंबर झळकला. मोसमात 60 पेट्यांच्या ऑर्डरी आल्या. पुढच्या फेब्रुवारीत कॅमेरा पुन्हा बाहेर काढताना मात्र प्रश्न पडला, की यंदा यातलं काय पुन्हा करायचं? कारण त्या 60 पेट्या कुठल्या व्हिडिओनं विकल्या, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

हा प्रश्न जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले जाहिरातदार वर्तमानपत्रात कापून पाठवायचं कूपन छापत आणि प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण ठेवत. टपालानं आलेली कूपनं खुणेप्रमाणे वेगळी केली, की कुठली जाहिरात चालली ते कळे. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातलेखकानं 1923 साली लिहिलेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकाचा पायाच अशी मोजदाद आहे. व्हिडिओच्या शेवटी येणारा क्यूआर कोड किंवा छोटी लिंक म्हणजे आजचं कूपन. त्यावरची खूण प्रत्येक व्हिडिओला वेगळी असली आणि ती ऑर्डरच्या वहीपर्यंत टिकली, तरच त्याचा उपयोग.

म्हणून पहिलं काम सोपं आहे: तीन व्हिडिओंना तीन खुणा द्यायच्या. मोहोराला R1, अढीला R2, ओळख पटवणाऱ्याला R3. मग amba.example/r1, amba.example/r2 अशा तीन छोट्या लिंका करायच्या आणि प्रत्येकीचा वेगळा कोड तयार करायचा. (पत्ता अर्थातच नमुन्यादाखल आहे.)

आता बरेच जण इथं छोटी लिंक वगळतात आणि थेट व्हॉट्सॲपचा पत्ताच कोडमध्ये भरतात. व्हॉट्सॲपची तशी सोय आहे: पत्त्यात नंबर आणि मजकूर दिला, की ग्राहकाच्या फोनवर गप्पांची खिडकी उघडते आणि मजकूर आधीच टाइप झालेला दिसतो.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=R2 पेटीची माहिती हवी
```

वाचायला हे आटोपशीर वाटतं. पण पत्त्याच्या आत देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. ‘प’ हे एक अक्षर %E0%A4%AA असं नऊ चिन्हांचं होऊन जातं आणि प्रत्येक काना, वेलांटी, मात्रा यांची वेगळी नऊ-नऊ चिन्हं होतात. वरचा तीन शब्दांचा मजकूर धरून पूर्ण पत्ता पावणेदोनशे चिन्हांच्या घरात जातो. क्यूआर कोडमध्ये जितका मजकूर जास्त, तितके त्यातले काळे-पांढरे चौकोन जास्त आणि बारीक. या पत्त्याचा कोड साधारण 50 बाय 50 चौकोनांचा होतो. https://amba.example/r2 एवढीच लिंक भरली, तर 25 बाय 25 मध्ये काम भागतं. पडद्यावर जागा तेवढीच असेल, तर दुसऱ्या कोडचा प्रत्येक चौकोन दुपटीनं मोठा दिसतो. म्हणून कोडमध्ये छोटी लिंक ठेवायची आणि त्या लिंकनं ग्राहकाला लांबलचक पत्त्यावर नेऊन सोडायचं.

चौकोन मोठा का हवा, ते दिवाणखान्यात बसून पाहिलं की कळतं. 43 इंची टीव्हीची उंची साधारण 53 सेंटिमीटर असते आणि सोफा तिथून तीनेक मीटरवर. कोड सहज वाचला जावा यासाठीचा ढोबळ हिशेब असा, की अंतराच्या एक-दशांश तरी त्याची रुंदी असावी. म्हणजे तीन मीटरला 30 सेंटिमीटर, पडद्याच्या उंचीच्या अर्ध्याहून अधिक! कोपऱ्यात चिकटवलेला बोटभर कोड हा निव्वळ नक्षी ठरतो. कोडला पूर्ण जागा द्यायची, तो पांढऱ्या चौकटीवर काळ्या रंगात ठेवायचा आणि भोवती चार चौकोनांएवढी पांढरी किनार सोडायची. ही किनार खाल्ली गेली, की फोनला कोड कुठं सुरू होतो तेच सापडत नाही.

वेळही तशीच मोजून द्यावी लागते. कोड दिसल्यावर माणूस फोन शोधतो, लॉक उघडतो, कॅमेरा सुरू करतो आणि रोखतो. तीन सेकंदांत हे होत नाही. किमान दहा सेकंद कोड स्थिर हवा, आणि तो येण्याआधीच ‘फोन हातात घ्या’ असं तोंडानं सांगितलेलं बरं. यूट्यूबवर एक सापळा आहे. तिथं व्हिडिओच्या शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत पुढच्या व्हिडिओंची चौकटी चित्रं लावता येतात. ती लावताना जागा पाहिली नाही, तर नेमकी कोडवर बसतात. व्हिडिओ चढवल्यावर टीव्हीवर एकदा स्वतः स्कॅन करून पाहणं हाच यावरचा उपाय.

मात्र टीव्हीसमोरच्या माणसासाठी केलेली ही व्यवस्था फोनवर व्हिडिओ पाहणाऱ्याच्या फारशा कामाची नाही. ज्या फोनवर व्हिडिओ चालू आहे, त्याच फोननं त्याचाच पडदा कसा स्कॅन करणार? स्क्रीनशॉट काढून कोड वाचता येतो, पण इतका खटाटोप थोडेच करतात. त्याच्यासाठी लिंक हवी, आणि तीही दाबता येईल अशा जागी. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये वर्णनातल्या आणि प्रतिक्रियांतल्या लिंका ऑगस्ट 2023 च्या अखेरीपासून दाबता येत नाहीत. तिथं तोंडानं उच्चारता येईल, एकदा ऐकून टाइप करता येईल इतका छोटा पत्ताच उपयोगी पडतो. म्हणून कोडखाली तोच पत्ता ठळक अक्षरांत लिहावा. त्याचा आणखी एक फायदा असा, की क्यूआर कोडमधून होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या लोकांनी वाचलेल्या असतात. आपण कुठं जाणार आहोत हे आधी वाचता आलं, तर त्यांचा हात कचरत नाही.

इथपर्यंत मेहनत घेऊनही बहुतेकांची मोजणी पुढच्या टप्प्यावर फसते. लिंक किती वेळा उघडली याचा आकडा मिळतो आणि त्यालाच प्रतिसाद समजलं जातं. पण लिंक उघडणारं दर वेळी माणूसच असतं असं नाही. कुणी ती व्हॉट्सॲपवर पुढं पाठवली, तर चित्रासह झलक दाखवण्यासाठी ॲपच ती उघडून पाहतं. आपण स्वतः केलेल्या चाचण्याही त्यात मिसळतात. खरी मोजणी ऑर्डरची करायची असते आणि त्यासाठी खूण ग्राहकासोबत चालत आली पाहिजे. संदेशाच्या सुरुवातीला R2 ठेवण्याचं कारण हेच. संकेतस्थळावर फॉर्म असेल, तर त्यात न दिसणारा एक रकाना ठेवून खूण तिथं आपोआप भरून घेता येते. मग वहीत नाव, गाव, पेट्या यांच्याशेजारी ‘खूण’ असा आणखी एक रकाना आखायचा.

समजा, मोसमाच्या शेवटी वही अशी दिसली. मोहोराचा व्हिडिओ 40,000 वेळा पाहिला गेला, लिंक 300 वेळा उघडली, पेट्या गेल्या 6. अढीचा व्हिडिओ फक्त 9,000 वेळा पाहिला गेला, लिंक 180 वेळा उघडली, पेट्या 31. ओळख पटवणाऱ्या व्हिडिओची लिंक सर्वांत जास्त, 400 वेळा उघडली, पण पेट्या 9. उरलेल्या 14 ऑर्डरींवर खूणच नाही.

नुसते व्ह्यूज पाहिले असते, तर मोहोर जिंकला असता. लिंक किती वेळा उघडली तेवढंच पाहिलं असतं, तर तिसरा व्हिडिओ. पेट्या मात्र अढीनं विकल्या. तिसऱ्या व्हिडिओवरून आलेले लोक बहुधा ओळख शिकायला आले आणि शिकून आपल्या नेहमीच्या फळवाल्याकडे गेले. 6 आणि 9 मधल्या फरकाला अर्थ देऊ नये, तो योगायोगही असू शकतो. पण 6 आणि 31 मधलं अंतर योगायोगानं पडण्यातलं नाही.

तरीही मोहोराचा व्हिडिओ लगेच बाद करू नये. ग्राहक कुठल्या दारातून आत आला एवढंच खूण सांगते. त्याला आपलं अंगण पहिल्यांदा कुठं दिसलं, ते ती सांगत नाही. कदाचित मोहोर पाहून नाव लक्षात राहिलं असेल आणि अढी पाहून ऑर्डर दिली असेल. बिनखुणेच्या 14 ऑर्डरी अशाच असतात: कुणी संदेशातली खूण पुसली, कुणी नाव शोधून थेट फोन केला. त्यांना ‘आमच्याबद्दल कुठं पाहिलंत?’ असं विचारायचं आणि उत्तर वेगळ्या शाईनं लिहायचं, कारण आठवण ही खुणेइतकी पक्की नसते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. कोड चित्रातच असल्यामुळे कुणी व्हिडिओ उतरवून घेऊन गावाच्या ग्रुपवर टाकला, तरी तो सोबत जातो. तो ‘कुठला व्हिडिओ’ हे सांगतो, ‘कुठं पाहिला’ हे नाही. तेही हवं असेल, तर यूट्यूबच्या वर्णनात r2y आणि फेसबुकवर r2f अशा वेगळ्या लिंका द्याव्या लागतात.

आणि व्हिडिओत बसलेला कोड परत बदलता येत नाही, त्यामागचा पत्ता मात्र बदलता येतो. मोसम संपला, की तीच लिंक ‘पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा’ या पानाकडे वळवायची. यासाठी पत्ता आपल्या मालकीचा हवा आणि त्याचं नूतनीकरण चुकता कामा नये. 2015 साली जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरचा कोड एका माणसानं स्कॅन केला, तर अश्लील संकेतस्थळ उघडलं. स्पर्धा संपल्यावर कंपनीनं तो पत्ता सोडून दिला होता, आणि दुसऱ्या कुणी तो घेतला होता. बाटल्या मात्र अजून लोकांच्या घरात होत्या. व्हिडिओ तर बाटलीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

येत्या फेब्रुवारीत त्या बागायतदारापुढे वही असेल. अढीचे आणखी दोन व्हिडिओ करायचे, R4 आणि R5: एकात अढी लावताना, दुसऱ्यात आठवड्यानं ती उघडताना. मोहोर एकदाच दाखवायचा, पण त्याच्या शेवटी अढीचा व्हिडिओ जोडायचा. मग मोहोर पाहिलेले लोक R2 ची खूण घेऊन येतात का, हे वहीच्या त्या एका रकान्यात दिसेल.