बंद कक्षा नाही, हे कसे सिद्ध करायचे?

‘आहे’ हे सिद्ध करायला एक उदाहरण पुरते. ‘नाही’ हे कसे सिद्ध करणार? आज आपण हा प्रश्न एका समीकरणांच्या जोडीवर तपासू. एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जाती आहेत, त्यांची संख्या x आणि y:

```
x' = x(4 - 2x - y)
y' = y(3 - x - y)
```

दोन्ही जाती टिकून राहतात असा एकच समतोल इथे आहे, x = 1, y = 2. पण संख्या त्याच्याभोवती कायम फिरत राहतील का? म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच वाटेने येणारी बंद कक्षा असेल का? समीकरणे सोडवून बघू म्हटले, तर असल्या जोडीचे सुटसुटीत उत्तर सहसा हाती लागत नाही.

मग आपण उलटीकडून जाऊ. समजा, अशी कक्षा आहे. प्रवाह त्या कक्षेच्या कडेकडेनेच वाहतो, तिला ओलांडत नाही. म्हणून आतून बाहेर जाणारा निव्वळ प्रवाह शून्य. ग्रीनच्या प्रमेयानुसार हा प्रवाह म्हणजे आतल्या सगळ्या बिंदूंवरच्या अपसरणाची, म्हणजे डायव्हर्जन्सची, बेरीज. आता अपसरण सगळीकडे ऋण असेल तर बेरीज शून्य येणारच नाही. विसंगती आली, तेव्हा कक्षा नाही. हा बेंडिक्सन यांचा १९०१ मधला निकष.

आपल्या जोडीला तो लावू. पहिल्या सूत्राचा x नुसार आणि दुसऱ्याचा y नुसार विकलज काढून बेरीज केली की येते `7 - 5x - 3y`. शून्याजवळ हे धन आहे, समतोलापाशी −4. चिन्ह बदलले, निकष गप्प बसला. गप्प बसला म्हणजे कक्षा आहे असे नव्हे, एवढे ध्यानात ठेवा.

इथे द्युलाक यांची युक्ती कामाला येते. दोन्ही सूत्रांना `1/(xy)` ने गुणा. x, y धन असताना हा गुणक धन आहे, त्यामुळे वेग बदलतो, वाट तीच राहते. पण अपसरण आता असे होते:

```
-2/y - 1/x
```

सगळीकडे ऋण! म्हणजे बंद कक्षा नाही.

हे ऋण चिन्ह आले कुठून? `-2x` आणि दुसऱ्या कंसातल्या `-y` मधून, म्हणजे प्रत्येक जात स्वतःलाच जो आळा घालते त्यातून. शिकारी-भक्ष्याच्या मूळ लोटका-व्होल्टेरा समीकरणांत असा आळा नसतो. तिथे हाच गुणक लावला की बेरीज शून्य येते, आणि बंद कक्षा खरोखरच असतात.

दोन मर्यादा मात्र आहेत. एक, योग्य गुणक शोधायची हमखास रीत नाही. दुसरी, प्रदेशात भोक नको. कक्षेच्या आत भोक असेल तर ‘आतल्या सगळ्या बिंदूंवरची बेरीज’ हा युक्तिवादच कोसळतो. आपल्या धन चतुर्थांशात भोक नाही, म्हणून आपले ‘नाही’ पक्के.