हॉटस्पॉट अडकतोय? फोन लॅपटॉपजवळ नको, खिडकीत ठेवा

कबनूरमध्ये घरी बसून काम करणाऱ्या एखाद्याची अडचण बघा. मीटिंग सुरू आहे, समोरच्यांचे चेहरे आणि आवाज त्याला नीट येतायत, पण तिकडून सारखं विचारलं जातंय, "आवाज येतोय का? तू फ्रीझ झालायस." इंटरनेट चालू आहे, मग अडकतंय कुठे?

हॉटस्पॉटवर डेटा दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा टॉवर ते फोन, दुसरा फोन ते लॅपटॉप. बहुतेक जण फोन लॅपटॉपला चिकटवून ठेवतात, म्हणजे दुसरा टप्पा सुधारतात. पण लॅपटॉप फोनपासून फार तर चार-पाच मीटरवर असतो आणि टॉवर कित्येक पट लांब. अडचण बहुधा त्या लांबच्या टप्प्यात असते.

त्यातही अपलोड आधी कोलमडतं. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, फोन मात्र साधारण 0.2 वॉटने. म्हणून टॉवरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं टॉवरला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला सगळे दिसतात आणि तुम्हीच अडकता, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

इचलकरंजीला लागून असलेल्या या भागात घराला घर आणि मधे यंत्रमागाचे कारखाने. पत्रा रेडिओ लहरी जवळजवळ पूर्ण परतवतो, स्लॅब आणि जाड भिंती बऱ्याच शोषून घेतात. त्यामुळे आतल्या खोलीत आणि रस्त्याकडच्या खिडकीत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

हा फरक मोजता येतो. सिग्नलच्या कांड्या बघू नका, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने दाखवते. अँड्रॉइडवर Settings मध्ये About phone, त्यात SIM status उघडा. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. तिथे Signal strength समोर उणे आकडा दिसेल. 4जीवर -85 ते -95 dBm म्हणजे चांगलं, -110 च्या खाली गेलं की ओढाताण. दर 10 ने आकडा खाली गेला की सिग्नलची ताकद दहापट कमी होते. म्हणजे आत -112 आणि खिडकीत -92 असेल, तर खिडकीत शंभर पट जास्त सिग्नल आहे!

आता एक उदाहरण घेऊ. समजा आतल्या खोलीत फोनवरच स्पीड टेस्ट केली आणि डाउनलोड 9, अपलोड 0.6 एमबीपीएस आलं. व्हिडिओ कॉलला अपलोड साधारण 1 ते 3 लागतं, म्हणजे इथे लॅपटॉपचा दोष नाहीच. फोन खिडकीत नेल्यावर अपलोड 5 झालं, तर पहिला टप्पा सुटला. मग तीच टेस्ट लॅपटॉपवर करा. तिथे आकडा फोनपेक्षा बराच कमी आला, तरच दुसऱ्या टप्प्याकडे वळायचं. तो तपासायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` टाइप करा आणि वाय-फायच्या भागात Default Gateway समोरचा पत्ता घ्या. तो 192.168.43.1 असेल, तर:

```
ping -n 50 192.168.43.1
```

हा पत्ता तुमच्या फोनचाच आहे. उत्तरं सतत 10 मिलिसेकंदांच्या आसपास आली तर वाय-फाय ठीक. मधेच 200-300 किंवा `Request timed out` दिसलं तर वाय-फाय गर्दीत सापडलंय. शेजारच्यांचे बरेच राउटर आणि ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर असतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 5 गिगाहर्ट्झ निवडा. आयफोनवर (12 किंवा नंतरचा) Maximize Compatibility बंद करा. फक्त 5 गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर दमतं, म्हणून फोन आणि लॅपटॉप एकाच खोलीत हवेत.

त्याहून बरं म्हणजे तीन मीटरची यूएसबी केबल. फोन खिडकीत, लॅपटॉप टेबलावर आणि USB tethering चालू. वाय-फायची भानगडच संपते. हा पर्याय फिकट दिसला आणि दाबता येत नसेल, तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे, डेटाची केबल घ्या. फोन उन्हात मात्र ठेवू नका. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि दुपारनंतर हॉटस्पॉट मंदावण्यामागे अनेकदा एवढंच असतं.

एक गोष्ट मात्र खिडकीनेही सुटत नाही. दोन्ही बाजूंनी 2-2 एमबीपीएस जाणारा कॉल तासाला 1.8 जीबी खातो. रोज 2 जीबीचा प्लॅन असेल तर तासाभरानंतर थोड्याच वेळात वेग 64 केबीपीएसवर येतो आणि सगळ्यांना वाटतं, रेंज गेली. लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटच्या Properties मध्ये Metered connection चालू केलंत, तर निदान विंडोजचे मोठे अपडेट त्याच डेटावर ताव मारणार नाहीत.