तिरकं वाचायचं कोष्टक

समजा, पुण्यातल्या तिघा मित्रांनी मराठी शब्दकोड्यांचं एक ॲप काढलं. (ॲप काल्पनिक, आकडेही माझेच.) जानेवारीत ते हजार जणांनी उघडलं, फेब्रुवारीत अठराशे, मार्चमध्ये अठ्ठावीसशे, एप्रिलमध्ये ४१६५ आणि मेमध्ये ५९५० जणांनी. रेघ नुसती चढतेच आहे. असा आलेख पाहिला की कुणीही पेढे वाटायला निघेल.

आता हेच आकडे जरा वेगळे मांडू. ज्या महिन्यात ज्यांनी ॲप पहिल्यांदा उघडलं, त्यांची एक तुकडी करायची. या धंद्यातली माणसं तिला कोहोर्ट म्हणतात. एकदा ज्या तुकडीत नाव पडलं, ते कायमचं. मग दर महिन्याला त्या तुकडीतले किती जण परत आले, तेवढंच मोजायचं.

| तुकडी | महिना ० | महिना १ | महिना २ | महिना ३ | महिना ४ |
|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | १००० | ३०० | १५० | ८० | ४० |
| फेब्रुवारी | १५०० | ४५० | २२५ | १२० | |
| मार्च | २२०० | ६६० | ३३० | | |
| एप्रिल | ३२०० | ९६० | | | |
| मे | ४५०० | | | | |

हे झालं रिटेन्शन टेबल. उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा, कारण ते महिने अजून उजाडायचेत. कोणतीही ओळ घ्या: महिन्याभरात शंभरातले तीस उरतात, मग पंधरा, मग आठ, मग चार. आता मेच्या ४५०० वर बोट ठेवा आणि तिरकं वर चढत जा: ९६०, ३३०, १२०, ४०. बेरीज ५९५०. पेढे वाटायला लावणारा आकडा तो हाच. त्यात पाऊण वाटा नव्या पाहुण्यांचा आहे. जाहिराती थांबल्या आणि जूनमध्ये एकही नवा माणूस आला नाही, तर याच गतीने जेमतेम दोन हजार उरतील. घागर फुटकी आहे. नळ दर महिन्याला थोडा जास्त सोडला जातोय, म्हणून पाणी वर दिसतंय.

मला यात सगळ्यात नवल वाटतं ते एकच कोष्टक तीन दिशांनी वाचता येण्याचं. आडवं वाचलं की एका तुकडीचं आयुष्य दिसतं. उभं वाचलं की वेगवेगळ्या तुकड्या एकाच वयात कशा होत्या ते कळतं. ॲपची पहिली ओळख करून देणारे पडदे मार्चमध्ये सुधारले असतील, तर ‘महिना १’च्या रकान्यात मार्चपासून खाली टक्केवारी वाढलेली दिसायला हवी. वर दिलेल्या कोष्टकात ती सगळीकडे तीसच आहे, म्हणजे पडदे बदलून काही फरक पडला नाही. आणि तिरकं वाचलं की कॅलेंडर दिसतं. एप्रिलच्या अपडेटमुळे जुन्या फोनांवर ॲप बंद पडू लागलं, तर त्याचा फटका जुन्या-नव्या सगळ्या तुकड्यांना एकाच तिरक्या रेषेवर बसेल.

ही दिशांची गंमत ॲपवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या क्षयाच्या मृत्यूंचं कोष्टक १८८० पासून १९३० पर्यंत, दर दहा वर्षांचं, मांडलं होतं. त्यात वयं आणि सालं उभी-आडवी होती, म्हणून एकाच काळात जन्मलेली पिढी तिरक्या रेषेवर पडायची. नुसतं १९३० साल पाहिलं तर क्षय उतारवयातल्यांना जास्त मारतो असं वाटायचं. फ्रॉस्ट यांनी एकेका पिढीचा माग काढला, तेव्हा चित्र पालटलं. अगदी तान्ही मुलं सोडली, तर प्रत्येक पिढीत मृत्युदर तरुणपणीच सगळ्यात वर होता आणि पुढे उतरत गेला होता. १९३० मधले वयस्क लोक जास्त दगावत होते ते वयामुळे नव्हे, तर क्षयाचा कहर जास्त असलेल्या काळात जन्मलेल्या पिढीतले म्हणून. हा लेख १९३९ साली छापून आला, फ्रॉस्ट यांच्या मृत्यूनंतर.

मोजणी कुठे फसते, तेही सांगायला हवं. ‘दुसऱ्या दिवशी परत आले’ हा आकडा ॲपवाल्यांचा फार लाडका. पण दुसरा दिवस कुणाच्या घड्याळाचा? सर्व्हरची वेळ यूटीसीवर ठेवलेली असेल, तर त्याची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. पहाटे पाचला ॲप उतरवून सहाला पुन्हा उघडणारा माणूस हिशेबात ‘दुसऱ्या दिवशी परतलेला’ ठरतो. महिन्यांचंही तसंच: ३१ जानेवारीला आलेला १ फेब्रुवारीला पुन्हा आला, की लगेच ‘महिना १’मध्ये जमा. इलाज सोपा आहे. प्रत्येकाचे दिवस त्याच्या स्वतःच्या पहिल्या क्षणापासून मोजायचे, चोवीस-चोवीस तासांनी. शिवाय चालू महिना संपेपर्यंत शेवटच्या तिरक्या रेषेकडे पाहायचंच नाही. ती अर्धवट असते आणि कडा कोसळल्यासारखी दिसते.

यापेक्षा मोठा चकवा मात्र हिशेब अगदी बरोबर असतानाच बसतो. हजार जणांची एक तुकडी घ्या. त्यात दोनशे कोड्यांचे पक्के नादी आहेत. त्यांच्यातले दर महिन्याला नव्वद टक्के टिकतात. उरलेले आठशे हौशी. त्यांच्यातले फक्त वीस टक्के टिकतात. सोप्या हिशेबासाठी, गेलेला माणूस परत येत नाही असं धरू. पहिल्या महिन्यानंतर उरले १८० नादी आणि १६० हौशी, एकूण ३४०. टिकाव ३४ टक्के. पुढच्या महिन्यात १६२ आणि ३२, म्हणजे १९४. ३४० पैकी ५७ टक्के. त्यापुढे सुमारे १५२, म्हणजे ७८ टक्के. आणि चौथ्या महिन्यात ८७ टक्के.

चौतीस, सत्तावन्न, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याऐंशी! बैठकीत हे आकडे पडद्यावर आले की कुणीतरी म्हणणारच, ‘लोकांना हळूहळू सवय लागतेय.’ पण सवय कुणालाच लागलेली नाही. नादी पहिल्या दिवशी जितका नादी होता तितकाच आहे, हौशीही तसाच. फक्त हौशी गळून गेले आणि तुकडीचं मिश्रण बदललं. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी या मार्केटिंगच्या दोन प्राध्यापकांनी २००७ च्या एका लेखात नेमक्या याच गोष्टीवर गणित बसवलं. सदस्य टिकण्याचं प्रमाण प्रत्येक माणसापुरतं कायम धरायचं, पण माणसागणिक वेगळं मानायचं. एवढ्यावरच तुकडीचा टिकाव वयाबरोबर वाढताना दिसतो आणि सुरुवातीच्या थोड्या वर्षांच्या आकड्यांवरून पुढच्या वर्षांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. सगळ्यांसाठी एकच सरासरी टक्का धरून पुढे गुणत गेलं, तर निष्ठावान लोक किती उरतील याचा अंदाज हमखास कमी पडतो.

सवय खरंच लागतेय की नुसती गळती चाललीय, हे ओळखण्यासाठी आमच्या शब्दकोडेवाल्यांना तुकडीच फोडावी लागेल. पहिल्याच दिवशी निदान एक कोडं पूर्ण सोडवणारे एका बाजूला, अर्ध्यात सोडणारे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची दोन वेगळी कोष्टकं. प्रत्येक कोष्टकात महिन्यामागून महिना टिकाव जवळपास सपाट राहिला, तर एकत्र आकड्यात दिसलेली सवय हा मिश्रणाचाच खेळ होता. कोडं पूर्ण सोडवणाऱ्यांच्या कोष्टकातही तो चढत गेला, तर सवय लागत असेल. किंवा त्यांच्यामध्येही आणखी दोन जातींची माणसं असतील आणि तुकडी पुन्हा फोडावी लागेल.