माळ एक, ओळी तीन

शब्दकोश छापताना कागद वाचवावा लागतो. म्हणून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासून (दुसरी आवृत्ती १८५७) दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत सगळीकडे एका नोंदीत बरंच काही दाटीवाटीने बसवलेलं दिसतं. शब्दाची जात संक्षेपात, अर्थ आकड्यांनी वेगळे केलेले आणि सगळं एका दमात. वाचणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, कारण कुठे काय संपलं हे डोळ्यांना कळतं. तीच यादी एक्सेलमध्ये शब्द, जात, अर्थ आणि उदाहरण अशा चार रकान्यांत भरायची ठरली, की ही प्रत्येक हद्द संगणकाला स्पष्ट सांगावी लागते.

समजा, टंकलेल्या यादीत ही नोंद आहे:

```
माळ – पु. मोकळी, खडकाळ जमीन. उदा. माळावर शेळ्या चरत होत्या. स्त्री. १ ओवलेल्या मण्यांचा किंवा फुलांचा सर. उदा. देवाला झेंडूची माळ घातली. २ नवरात्रातला एक दिवस. उदा. आज तिसरी माळ.
```

या नोंदीच्या किती ओळी करायच्या? एका शब्दाला एक ओळ दिली, तर अर्थाच्या रकान्यात तीन अर्थ कोंबले जातात आणि कोणतं उदाहरण कोणत्या अर्थाचं, हे हरवतं. म्हणून एका अर्थाला एक ओळ हाच नियम धरावा. ‘माळ’ तीनदा लिहिला जाईल, पण नवरात्राची माळ आणि शेळ्यांचा माळ आपापल्या उदाहरणांसह वेगळे राहतील. अर्थक्रमांकासाठी एक जादा रकाना ठेवला, की ओळींची उलथापालथ झाली तरी मूळ क्रम परत लावता येतो.

दुसरा निर्णय जातीचा. मराठी कोश ‘नाम’ असं सहसा लिहीत नाहीत, ‘पु.’, ‘स्त्री.’ किंवा ‘न.’ लिहितात आणि त्यातून नाम आहे हे वाचकाने समजून घ्यायचं असतं. हे संक्षेप जसेच्या तसे जातीच्या रकान्यात गेले, तर पुढे ‘सगळी नामं दाखव’ म्हटल्यावर हाती काहीच लागत नाही. जातीत ‘नाम’ आणि शेजारी लिंगाचा वेगळा रकाना, ही मांडणी अधिक उपयोगी पडते.

मग येतं प्रत्यक्ष तोडणं. ‘न.’ शोधून तिथे तोडा असं सांगितलं, तर ‘झाडाचे पान.’ या अर्थातलं ‘पान.’सुद्धा तुटतं. पायथॉनमध्ये शब्दाच्या कडेसाठी `\b` हे चिन्ह आहे, पण तेही इथे दगा देतं. पायथॉनची नेहमीची `re` प्रणाली काना-मात्रेला अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘पान’मधल्या कान्यानंतर तिला शब्दाची कड दिसते आणि ‘न.’ सुटा शब्द वाटतो. उपाय साधा आहे. संक्षेपाच्या आधी आणि नंतर मोकळी जागा असेल, तरच तोडायचं:

```python
import re
pos = r'\s(पु|स्त्री|न|वि|क्रिवि)\.\s'
print(re.split(pos, line))
```

`line`मध्ये वरची नोंद असेल, तर पाच तुकडे मिळतात: ‘माळ –’, ‘पु’, पहिला अर्थ उदाहरणासह, ‘स्त्री’ आणि उरलेला मजकूर. शब्दामागची रेघ काढून टाकायची. उरलेला मजकूर आधी अर्थक्रमांकांवर आणि मग प्रत्येक तुकडा ‘उदा.’वर तोडला, की तीन ओळी तयार होतात.

तरीही एक फट राहते. एखाद्या उदाहरणात ‘हे पुस्तक वि. स. खांडेकरांचे’ असं असेल, तर त्यातला ‘वि.’ विशेषण समजून वाक्य तिथेच तुटतं. जातीच्या रकान्याला फिल्टर लावून ही चूक सापडत नाही, कारण ‘वि’ ही वैध नोंद आहे. त्यासाठी एकाहून अधिक जाती मिळालेल्या शब्दांची यादी काढून ती डोळ्यांखालून घालावी लागते. ‘माळ’ त्या यादीत रास्तपणे येईल, खांडेकरांचं नाव लगेच उघडं पडेल. नियम कितीही नेटका केला तरी ही नजर टाळता येत नाही.

आणखी एक तपासणी मोजणीची. मूळ यादीत ‘उदा.’ जितक्या वेळा आहे, तितकेच उदाहरणाचे रकाने भरलेले हवेत. आकडा जुळला नाही, तर कुठेतरी उदाहरण अर्थातच अडकून राहिलं आहे.

फाइल जतन करताना रकान्यांमध्ये स्वल्पविराम न टाकता टॅब टाकावा. ‘मोकळी, खडकाळ जमीन’ या अर्थात स्वल्पविराम आहेच. तो रकान्याची हद्द समजला गेला, तर पुढचं सगळं एक घर सरकतं. एक्सेलमध्ये फाइल थेट उघडल्यावर देवनागरीऐवजी विचित्र चिन्हं दिसली, तर मजकूर बिघडला असं समजू नये. डेटा आयात करण्याच्या खिडकीतून ती उघडावी आणि तिथे `UTF-8` निवडावं.

प्रत्येक ओळीसमोर मूळ नोंदीचा पान किंवा ओळ क्रमांक लिहिण्यासाठी एक रकाना जरूर ठेवा, आणि मूळ फाइलला हात न लावता काम नेहमी तिच्या प्रतीवर करा.